बुडालेल्यांची मुलाखत कोण घेणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं यशोगाथांचं सदर मी न चुकता वाचतो. परवाच्या लेखातले तिन्ही उद्योजक एकच सांगत होते, नोकरीवर लाथ मारली, घर गहाण टाकलं, पहाटे चारला उठलो आणि जमलं. आता गंमत अशी की हे सगळं मीपण केलंय, अगदी पहाटे चारसकट, आणि माझा धंदा तीन वर्षांत बसला. मला विचारायला अजून कोणी आलेलं नाही.

राग नाहीये, पण हिशोब चुकतोय. समजा 1000 जणांनी सगळं पणाला लावून धंदा सुरू केला, त्यातले 50 जण खूप मोठे झाले, 700 कर्जात बुडाले, बाकीचे कसेबसे तगले. आणखी 1000 जणांनी नोकरी सांभाळत हळूहळू केलं, त्यातले 10 मोठे झाले, 100 बुडाले आणि बाकीच्यांचं बरं चाललंय. (आकडे माझ्या मनातले आहेत, फक्त समजायला.) आता तुमचा वार्ताहर जाणार त्या 60 मोठ्यांकडे, आणि त्यातले 50 जण म्हणणार, रिस्क घेतली म्हणून! वाचणाऱ्याला वाटतं रिस्क घेतली की सहापैकी पाच वेळा जमतंच, पण खरं तर रिस्क घेणाऱ्यांपैकी शंभरातले पाचच वर आलेत आणि सत्तर गाळात गेलेत.

बरं, ते 50 जण खोटं बोलत नाहीयेत हं. मोठं व्हायचा चान्स रिस्कवाल्यांना पाचपट आहेच, पण बुडायचाही सातपट आहे, आणि हा दुसरा आकडा पेपरात कधी येत नाही कारण बुडालेला माणूस फोन उचलत नाही. आणि पहाटे चारचं म्हणाल तर बुडालेलेही तेवढेच लवकर उठत असतील तर त्या सवयीतून काहीच कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञासमोर हाच पेच होता. गोळ्यांची भोकं मोजायला मिळायची ती फक्त परत आलेल्या विमानांवरची, मग न आलेल्यांना गोळ्या कुठे लागल्या असतील याचा अंदाज त्याला यांच्यावरूनच बांधावा लागला. परतलेल्यांच्या इंजिनावर भोकं कमी दिसतात याचा अर्थ इंजिन भक्कम असा नसतो, तिथे लागलेली विमानं आलीच नाहीत असाही असू शकतो.

नुसत्या बुडालेल्यांच्या मुलाखती घेऊनही भागणार नाही म्हणा, आम्हीपण मागाहून कारणं जुळवतोच (मी पार्टनरला दोष देतो, तो मला देतो). त्यापेक्षा एखाद्या वर्षी धंदा सुरू केलेल्या सगळ्यांची यादी काढा आणि पाच वर्षांनी एकेकाला शोधा. तेवढं जमत नसेल तर निदान तुमच्याच सदरात दहा वर्षांपूर्वी झळकलेले आज काय करतायत ते छापा. जुने अंक तुमच्याकडे असतीलच.

आपला,
एक जुना वाचक