‘नाममात्र’ खर्च कोणाचा?

महोदय,

कालच्या अर्थविषयक पानावरील ‘अनिश्चित काळात पोर्टफोलिओला निफ्टी पुटचे कवच’ हा लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, याबद्दल वाद नाही. निफ्टीचे पुट, म्हणजे निफ्टी ठरलेल्या पातळीखाली गेला तर भरपाई देणारा करार, घेतला की शेअरच्या घसरणीपासून ‘नाममात्र खर्चात’ संरक्षण मिळते, असे त्यांचे म्हणणे. फक्त ते दोन शब्द वाचून चहा थंड झाला, म्हणून हे पत्र.

हे कवच मी घालून पाहिले आहे. ३१ मे २०२४, लोकसभेचा निकाल चार दिवसांवर, निफ्टी साडेबावीस हजारांच्या आसपास. माझे बारा लाखांचे शेअर, बहुतेक सरकारी बँका आणि वीज कंपन्या. २७ जूनच्या मुदतीचे २२,००० चे पुट साधारण ३०० रुपयांनी घेतले. तेव्हा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायची किमान संख्या, २५ चा होता. दोन लॉटचे पंधरा हजार झाले. म्हणजे चार आठवड्यांसाठी सव्वा टक्का, आणि वर पहिली पाचशे अंकांची घसरण माझ्याच खिशातून! सगळे घाबरलेले असताना प्रीमियम, म्हणजे पुटचा भाव, चढाच असतो. पाऊस सुरू झाल्यावर छत्री घ्यायला गेल्यासारखेच ते.

३ जूनला एक्झिट पोलमुळे बाजार उसळला आणि पुटचा भाव निम्म्याहूनही खाली गेला. ४ जूनला निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, पुट ५०० पर्यंत चढले. मला दहा हजारांचा फायदा दिसत होता आणि शेअरमध्ये दीड लाखाचा खड्डा. कारण उघड आहे: पुट निफ्टीचे होते आणि माझे सरकारी शेअर निफ्टीच्या दुपटीने आपटले. लेखात याबद्दल एक ओळही नाही.

तरी पुट विकले नाही. घर जळत असताना विमा कोणी विकतो का, असे मला वाटले. दुसऱ्याच दिवशी निफ्टी सातशे अंकांनी वर आला, भीती ओसरली आणि पुटचा भाव दोनशेच्याही खाली घसरला. २७ जूनला निफ्टी चोवीस हजारांवर, माझे पंधरा हजार शून्य. शेअर सावरले, हे मान्य. पण असे कवच दर महिन्याला घालायचे ठरवले, तर वर्षाकाठी परतावा कवचातच जाईल. हा हिशेब आपल्या तज्ज्ञांनी मांडावा, ही नम्र विनंती.

आता तर नोव्हेंबर २०२४ पासून सेबीच्या नियमाने नवा करार किमान पंधरा लाखांचा. बारा लाखवाल्याने विमा घ्यायचा तो शेजाऱ्याच्या घराचाही!

जाता जाता प्राप्तिकराचे. हा व्यवहार ‘व्यवसाय’ धरला जातो, म्हणून माझ्यासारख्या पेन्शनरला आयटीआर-३ भरावा लागला. तोटा पेन्शनमधून वजा होत नाही. सीएने चार हजार घेतले. तेही ‘नाममात्र’च म्हणाले.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली