तक्रार: माउसच्या चाकाची दिशा बदलली की टचपॅडही उलटतो

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या माउससोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमधील स्क्रोलिंगचे दोष

महोदय,

मी लांबलचक मजकुराची मुद्रितं तपासण्याचं काम करतो. लॅपटॉपला आपला माउस जोडलेला असतो आणि दिवसभर एक हात त्याच्या चाकावर असतो. माउसबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या सॉफ्टवेअरबद्दल. आपल्या मदत कक्षाने दरवेळी ‘काढून पुन्हा टाका’ एवढंच सांगितलं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी ओळींचा प्रश्न. विंडोजमध्ये चाकाच्या एका खाचेला किती ओळी सरकाव्यात हे ठरवता येतं आणि मुळात तो आकडा 3 असतो. आपलं सॉफ्टवेअर बंद असताना माझ्या जुन्या संपादन-प्रोग्रॅममध्ये एक खाच फिरवली की बरोबर 3 ओळी सरकतात. ते चालू करून ‘स्मूथ स्क्रोलिंग’वर खूण केली की तीच एक खाच 24 ओळी खाली नेते. म्हणजे जो परिच्छेद वाचत होतो तो पडद्याबाहेर! आकडा 1 केला तर 8 ओळी सरकतात. हा आठपटीचा हिशेब पाहून कारण काय असावं ते लक्षात आलं. एका पूर्ण खाचेसाठी विंडोज 120 हे मूल्य पाठवतं. हालचाल मऊ दिसावी म्हणून आपलं सॉफ्टवेअर त्याचे 15-15 चे आठ तुकडे करून पाठवत असणार. नव्या प्रोग्रॅमना असे तुकडे समजतात. जुने प्रोग्रॅम मात्र मूल्य न बघता आलेला प्रत्येक संदेश म्हणजे एक खाच असं धरतात आणि दरवेळी 3 ओळी सरकतात. माझ्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये उलटाच प्रकार होतो, तिथे चाक फिरवून काहीच हलत नाही. तो बहुधा 15 ला 120 ने भागून पूर्णांक घेतो आणि हाती शून्य येतं. तुकडे करायला माझी हरकत नाही, पण ठरावीक प्रोग्रॅमपुरतं ते बंद करण्याची सोय हवी. आज पर्याय एकच: सगळीकडे चालू, नाहीतर सगळीकडे बंद.

दुसरा दोष जास्त त्रासाचा आहे. मला चाकाची दिशा उलटी हवी, टचपॅडची मात्र आहे तशीच. आपल्या सॉफ्टवेअरमधली ‘दिशा उलटवा’ ही खूण केली की माझ्या रोजच्या संपादन-प्रोग्रॅममध्ये टचपॅडवरची दोन बोटंही उलट्या दिशेला नेतात. सॉफ्टवेअर बंद केलं की टचपॅड लगेच ताळ्यावर येतो, तेव्हा दोष कुठे आहे हे उघड आहे. सॉफ्टवेअर माउसची नव्हे, तर जाता-येता दिसेल त्या प्रत्येक स्क्रोल-संदेशाची दिशा फिरवतं; तो कोणाकडून आला हे बघत नाही. मदत कक्षाने सुचवलं की विंडोजमधून टचपॅडची दिशाही उलटी करा, म्हणजे उलट्याचं सुलट होईल. तसं केलं, तर लॅपटॉप सुरू झाल्यावर आपलं सॉफ्टवेअर जागं होईपर्यंत टचपॅड उलटाच चालतो. याला उपाय म्हणायचं?

खरा उपाय विंडोजमध्येच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या गुणधर्मांत ‘Device instance path’ पाहिला, रजिस्ट्रीत त्याच मार्गाने गेलो आणि तिथलं 0 हे मूल्य 1 केलं:

```
HKEY_LOCAL_MACHINE\SYSTEM\CurrentControlSet\Enum\<Device instance path>\Device Parameters
FlipFlopWheel = 1
```

माउसची वायर काढून पुन्हा लावली. चाक उलटं झालं, टचपॅड जागच्या जागी! हे मूल्य त्या एका उपकरणापुरतंच असल्यामुळे असं होतं. मात्र माउस दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की माझ्याकडे विंडोज त्याची नवी नोंद करतं, तिथे पुन्हा 0 असतो आणि सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो. शिवाय त्यासाठी अॅडमिनचे अधिकार लागतात. कार्यालयाच्या लॅपटॉपवर ते सगळ्यांना मिळत नाहीत. आपल्या सॉफ्टवेअरला बसवतानाच ते अधिकार मिळालेले असतात आणि आपला माउस जोडला गेल्याचंही त्याला कळतं. मग हे काम त्याने करायला काय हरकत आहे?

तेव्हा दिशेची खूण फक्त आपल्या माउसला लागू करावी आणि प्रोग्रॅमनिहाय स्मूथ स्क्रोलिंग बंद करण्याची सोय द्यावी. पुढच्या आवृत्तीत हे होणार आहे की नाही, ते लेखी कळवावं. होणार नसेल, तर खोक्यावर छापलेलं ‘स्वतंत्र दिशा-नियंत्रण’ हे वैशिष्ट्य मला मिळालेलंच नाही, असं धरून माउस परत घ्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. खरेदीची पावती आणि दोन्ही दोष दाखवणारं पडद्याचं चित्रीकरण सोबत जोडलं आहे.

आपला,
एक ग्राहक