डंपिंगचा हिशेब बंदरावर मांडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी माल स्वस्त आला की सरसकट ‘डंपिंग’ म्हणून मोकळे व्हायची सवय आपल्याला लागली आहे. भिवंडीत माझे थोडे माग आहेत. पॉलिस्टर सुताच्या भावावर आमचं घर चालतं, म्हणून हा खुलासा.

डंपिंग ठरवताना परदेशी मालाचा भाव आपल्या भावाशी ताडून पाहत नाहीत. तो त्याच कारखान्याच्या घरच्या भावाशी ताडतात, आणि तोही कारखान्याच्या दारातला. समजा, एखादा परदेशी कारखाना स्वतःच्या देशात, दारातच, किलोला 100 रुपयांनी विकतो आणि मुंबई बंदरात तोच माल 92 ला देतो. फरक आठाचा वाटतो. पण त्या 92 मध्ये जहाजभाडं, विमा वगैरे 8 रुपये धरलेले असतील, तर त्याच्या हाती 84 च पडतात. म्हणजे डंपिंग 16 रुपयांचं. घरीसुद्धा तो तोट्यात विकत असेल, तर उत्पादन खर्चावर वाजवी नफा चढवून तुलनेचा भाव काढतात.

तो असं का करतो? रसायनाचा मोठा कारखाना बंद ठेवणं परवडत नाही. कच्चा माल आणि वीज सुटून वर चार पैसे उरले, तरी बँकेच्या हप्त्याला हातभार लागतो. घरचा भाव मात्र तो पाडत नाही. तिथे आयातशुल्काची भिंत असली, की बाहेर स्वस्तात विकलेला माल परत घरी येण्याची भीतीही नसते.

आपल्या उत्पादकांची तक्रार इथूनच सुरू होते: समोरचा आपल्यापेक्षा कार्यक्षम नसूनही गिऱ्हाईक पळवतो. पण दिल्लीच्या व्यापार उपाय महासंचालनालयापुढे नुसतं डंपिंग दाखवून भागत नाही. नुकसान झालं, आणि ते या आयातीमुळेच झालं, जुन्या यंत्रांमुळे किंवा मंदीमुळे नव्हे, हेही दाखवावं लागतं. वरच्याच उदाहरणात 5 टक्के सीमाशुल्क धरून माल 96.60 ला पडतो. आपल्या उत्पादकाचा वाजवी भाव 105 निघाला, तर नुकसान 8.40 चं. भारतात दोन्हींतला कमी आकडा घेतात, म्हणून डंपिंगविरोधी शुल्क 16 नव्हे, 8.40 लागेल.

हे 8.40 पुढे कोण भरतं, ते आम्हाला विचारा. पॉलिस्टर ज्यापासून बनतं त्या ‘पीटीए’वरचं असंच शुल्क फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात जनहिताचं कारण देऊन उठवलं गेलं. पीटीए बनवणारे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे अर्ज करायला त्यांना एकत्र यायला वेळ लागत नाही. आमच्यासारखे हजारो, आणि आमची फाईल करायला माणूस नाही.

पुढच्या वेळी डंपिंगची बातमी छापाल तेव्हा ‘चिनी माल’ या मथळ्याखाली हे दोन आकडेही द्या: डंपिंग किती आणि नुकसान किती.

आपला,
एक यंत्रमागधारक, भिवंडी