सीटचा फोटो नको, स्टिकरचा हवा : रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय,
नवी दिल्ली

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते. माझ्या मुलीसाठी कार सीट घेताना मी बरीच शोधाशोध केली होती. ते कळल्यापासून आधी ओळखीतल्या आणि मग ओळखीच्यांच्या ओळखीतल्या आया मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू लागल्या. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ही सीट आमच्या बाळाला चालेल का?" सीट कधी जावेकडून आलेली असते, कधी परदेशातल्या भावाने पाठवलेली, कधी जुन्या वस्तूंच्या बाजारात पाहिलेली. फोटोही ठरलेलाच असतो. सीट समोरून दिसते, तिच्यावरचं कापड स्वच्छ धुतलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बाळ त्यात बसवलेलं असतं.

त्या फोटोवरून जवळजवळ काहीच ठरवता येत नाही. ते का, आणि आपल्या मंत्रालयाच्या हातात याबाबत काय आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मागच्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका बाबांनी मला असाच फोटो पाठवला. मुलगी दहा महिन्यांची होती. सीट जर्मनीत राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्याची होती, त्याचा मुलगा मोठा झाल्यावर सामानातून इकडे आली. राखाडी कापड, लाल बकल, पाच पट्टे, सगळं दणकट दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलीला घेऊन कोल्हापूरला निघायचं होतं. मी त्यांना सांगितलं, बाळाला उतरवा, सीट उलटी करा, आणि मला चार फोटो पाठवा : पाठीवरच्या किंवा बुडाच्या स्टिकरचा, गाडीचा पट्टा जिथून ओवतात त्या जागेचा, खालच्या प्लास्टिकवर उमटवलेल्या गोल शिक्क्याचा, आणि खांद्याचे पट्टे पाठीतून बाहेर येतात त्या खाचांचा. आणि मुलीचं वजन आजच करून कळवा. लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेलं वजन महिन्यापूर्वीचं असतं.

स्टिकर नारंगी होता, तळहाताहूनही लहान. त्यावर सगळ्यात वर युरोपच्या मानकाचं नाव, आर४४/०४. त्याखाली 'युनिव्हर्सल' हा शब्द, म्हणजे तीन टोकांच्या साध्या सीटबेल्टने ही सीट बसवता येते. पुढे आकडे, ९ ते १८ किलो. शेजारी इंग्रजी वाय हे अक्षर, दोन पायांमधून वर येणाऱ्या पट्ट्याची खूण. आणि एका वर्तुळात ई व १. लोकांना वाटतं, हा बनवणाऱ्या देशाचा क्रमांक असेल. तसं नाही. सीटला मान्यता कोणत्या देशाने दिली ते त्यातून कळतं : १ म्हणजे जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. वर्तुळाखाली मान्यता क्रमांक असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे मानकाची आवृत्ती सांगतात. इथे ते ०४ होते, म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक होतं. ०१ किंवा ०२ ने सुरू होणारी सीट युरोपात २००८ पासून वापरताच येत नाही.

मुलीचं वजन निघालं ८ किलो ४०० ग्रॅम.

"सहाशे ग्रॅमच कमी आहे ना ताई?" बाबांनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. सहाशे ग्रॅम म्हणजे महिना-दोन महिन्यांची गोष्ट. पण दुसऱ्या फोटोने या प्रश्नाचं स्वरूपच बदललं. युरोपच्या त्या मानकाप्रमाणे, सीट मागे तोंड करून बसवायची असेल तर पट्ट्याच्या वाटेवर निळ्या खुणा असतात, पुढे तोंड करून बसवायची असेल तर लाल. या सीटवर फक्त लाल खुणा होत्या. म्हणजे ती एकाच प्रकारे बसते, बाळाचं तोंड समोरच्या काचेकडे करून.

दहा महिन्यांच्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू आणि सांधे अजून कोवळे. गाडी समोरून धडकली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं धड पट्टे धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे झेपावतं. तो सगळा झटका मानेवर येतो. तेच बाळ मागे तोंड करून बसलं असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो. म्हणूनच युरोपच्या नव्या मानकाने, आर१२९ ने, पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला पुढे तोंड करून बसवायला मनाई केली आहे, वजन कितीही असो. त्यामुळे महिन्याभराने मुलगी नऊ किलोची झाली असती तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं.

तिसऱ्या फोटोतला शिक्का घड्याळासारखा होता. कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन अंक. हा प्लास्टिक साच्यातून निघाल्याचा महिना आणि वर्ष. पूर्ण सीट त्यानंतर थोड्या दिवसांनी जोडली जाते, पण वयाचा अंदाज यावरून नेमका येतो. बाण ५ वर होता, अंक होते १ आणि २. मे २०१२. उन्हात तापणाऱ्या गाडीत इतकी वर्षं राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. अनेक उत्पादक सहा ते दहा वर्षांची मुदत देतात, ती केव्हाच उलटून गेली होती. चौथा फोटो बघायची गरजच उरली नाही. एरवी तोही लागतो : मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा जरा खालून यावेत, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा जरा वरून.

कोल्हापूरला जाणं त्यांनी पुढे ढकललं. आठ दिवसांनी त्यांनी तेरा किलोपर्यंतची, मागे तोंड करून बसवायची सीट घेतली. या वेळी दुकानातूनच आधी स्टिकरचा फोटो आला, मग सीटचा. मी एवढंच बजावलं की ती पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, कधीही ठेवायची नाही.

मंत्रिमहोदय, हे बाबा शिकलेले आहेत, काळजी घेणारे आहेत, आणि त्यांना चांगली सीट वापरायची होती. ते फसले ते एका साध्या कारणाने. सीट ओळखायची खूण तिच्या पाठीवर आहे, आणि विकणारा, देणारा, घेणारा सगळे तिचं तोंड बघतात.

ऑनलाइन विक्रीतही मला हेच दिसतं. वर ठळक लिहिलेलं असतं, '० ते ४ वर्षे'. पण वय हा कच्चा अंदाज आहे. दोन वर्षांचं एखादं मूल साडेनऊ किलोचं असतं, दुसरं चौदाचं. सीटची चाचणी वजनावर, नव्या मानकात उंचीवर झालेली असते. अमेरिकेतून आलेल्या सीटवर तर आकडे पौंडात असतात. नाशिकच्या एका आजोबांनी स्टिकरवर ४० वाचलं आणि पाच वर्षांच्या नातवाला त्यात बसवत राहिले. नातू १९ किलोचा. ४० पौंड म्हणजे जेमतेम १८ किलो. पोर सीटच्या मर्यादेबाहेर गेलं होतं आणि आजोबांना वाटत होतं, अजून निम्मी मर्यादा शिल्लक आहे.

काही फोटोंतली वस्तू तर कार सीट नसतेच. झुलणारी बैठक असते, किंवा बाबागाडीवर बसणारी टोपली. कमरेला पट्टा असतो म्हणून लोक ती गाडीत ठेवतात. ओळखायची रीत सोपी आहे : गाडीचा सीटबेल्ट ओवायची वाट नाही, गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत अडकणारे आयसोफिक्सचे हूक नाहीत, मान्यतेचा स्टिकर नाही, तर ती गाडीतल्या प्रवासासाठी नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. हा कायदा मला हवासा वाटतो. आपल्याकडे एआयएस-०७२ हे मानकही आहे, युरोपच्या आर४४ च्या धर्तीवरचं. पण सिग्नलला उभा असलेला हवालदार एवढंच बघू शकतो की मूल सीटमध्ये आहे. ती सीट त्या मुलाची आहे का, हे फक्त पालक तपासू शकतात, आणि त्यासाठी त्यांच्या हातात तो स्टिकरच आहे.

म्हणून माझी मागणी स्टिकरपुरतीच आहे. कार सीटच्या प्रत्येक ऑनलाइन जाहिरातीत मान्यतेच्या स्टिकरचा वाचता येईल असा फोटो सक्तीचा करा, आणि वयाच्या आधी किलो आणि सेंटिमीटर छापायला लावा. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या सीटवर वजन, तोंडाची दिशा आणि बनवल्याचा महिना भारतीय भाषांत, चित्रासह, आणि प्लास्टिकमध्येच कोरलेला असू द्या. कागदी स्टिकर दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. असे कोरे स्टिकर मला दर महिन्याला येतात आणि मला "वापरू नका" याखेरीज काही सांगता येत नाही. गाडीचा नंबर आपल्या एमपरिवहन अॅपमध्ये टाकला की गाडीची माहिती समोर येते. तसाच सीटचा मान्यता क्रमांक टाकून शोधता आला पाहिजे.

एक गोष्ट कोणत्याही फोटोत दिसत नाही, ती म्हणजे सीट आधी अपघातातून गेली आहे का. कधी पट्ट्याच्या वाटेजवळ प्लास्टिकवर पांढरट रेघ दिसते, बहुतेकदा तीही नसते. ते आधीच्या मालकालाच विचारावं लागतं, आणि अनोळखी विक्रेत्याकडून खरं उत्तर मिळेल याची खात्री नसते. म्हणून अनोळखी माणसाची जुनी सीट घेऊ नका, असंच मी सांगते, स्टिकर कितीही चांगला असला तरी.

पत्रासोबत दोन फोटो जोडत आहे, दोन्ही त्या बाबांच्या परवानगीने. एक त्यांनी आधी पाठवलेला, सीटच्या तोंडाचा. दुसरा त्याच सीटच्या नारंगी स्टिकरचा. आपल्या अधिकाऱ्यांसमोर आधी पहिला ठेवा आणि विचारा, ८ किलो ४०० ग्रॅमच्या मुलीला ही सीट चालेल का.

आपली नम्र,
एक आई, पुणे