पैसे वाटेत नव्हते, बँकेतच होते: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर फोन हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. घराच्या खरेदीखताची नोंदणी होती. शेवटचा हप्ता 14 लाख रुपयांचा, आणि तो काकांच्या खात्यात जमा झाल्याशिवाय ते सही करणार नव्हते. काका म्हणजे घर विकणारे, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. वकिलांनी खरेदीखतात रकमेच्या तपशिलाचा तक्ता केला होता. वरच्या ओळींत आधीच्या हप्त्यांचे यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक बँक व्यवहाराची स्वतंत्र ओळख सांगणारे क्रमांक, होते आणि शेवटची ओळ कोरी होती. ती भरायची आणि दस्त आत द्यायचा, एवढंच बाकी होतं.

मी तयारीने गेले होते. काकांचं खातं सोमवारीच माझ्या अ‍ॅपमध्ये लाभार्थी म्हणून जोडलं होतं, कारण नवीन लाभार्थीला पहिला काही काळ मोठी रक्कम पाठवता येत नाही हे मला माहीत होतं. जोडल्यावर एक रुपया आयएमपीएसने, म्हणजे लहान रकमा लगेच पोचवणाऱ्या सेवेने, पाठवून तो पोचल्याचं काकांकडून फोनवर विचारून घेतलं होतं. शुक्रवारी सकाळी 10 वाजून 40 मिनिटांनी आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवण्याच्या आपल्या यंत्रणेने, पैसे पाठवले. पाठवण्याआधी खात्यावरचं नाव पडद्यावर आलं, तेही जुळवून पाहिलं. ही नाव दाखवण्याची सोय आपण एप्रिल 2025 पासून आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी बँकांना बंधनकारक केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. त्याआधी पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा व्हायचे, आणि एक आकडा चुकला की ते कुणाकडे गेले हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

माझ्या खात्यातून 14 लाख वजा झाले. पडद्यावर आलं, ‘व्यवहार प्रक्रियेत आहे’. नोंदणीचं बाराचं टोकन होतं. बारा वाजले, तरी तेच.

इथे मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते सांगते, कारण पत्राचा मुद्दा तोच आहे. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे आणि लगेच आपल्या यंत्रणेत पुरा होतो, इतर व्यवहारांचा गठ्ठा जमण्याची वाट पाहत नाही. 14 डिसेंबर 2020 पासून ही सेवा दिवसरात्र, सुटीच्या दिवशीही चालू असते. पाठवणाऱ्या बँकेचा संदेश पोचल्यापासून घेणाऱ्या बँकेने 30 मिनिटांत रक्कम जमा करायची असते. हे मी वाचलं होतं, म्हणून सव्वाअकरापासून मी काकांच्या बँकेला दोष देत होते. काकांचा मुलगा त्यांच्या शाखेत फोन करून थकला. तिथून एकच उत्तर येत होतं, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. ते खरं बोलत होते.

बाकावर शेजारी बसलेल्या प्रत्येकाकडे एक सल्ला होता. एक जण म्हणाले, एनईएफटी करायला हवं होतं. एनईएफटीचे गठ्ठे दर अर्ध्या तासाला निघतात, दिवसाला 48. सकाळी 10.40 ला पाठवलं असतं तर साधारण अकराचा गठ्ठा मिळाला असता, आणि तो पुरा झाल्यापासून दोन तासांत, म्हणजे एकपर्यंत, काकांच्या बँकेने रक्कम जमा करायला हवी होती. बहुतेक वेळा ती त्याच्या कितीतरी आधी होते, पण बाराचं टोकन गाठायचं असेल तर ‘बहुतेक वेळा’वर विसंबता येत नाही. दुसरे म्हणाले, आयएमपीएसने तीन तुकडे करा, पाच, पाच आणि चार. आयएमपीएसला एका व्यवहाराची कमाल मर्यादा 5 लाख आहे, पैसे काही सेकंदांत दिसतात. पण दिवसाची मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरवते, आणि माझ्या बँकेत ती तेवढी नव्हती. शिवाय आयएमपीएस मध्येच अडकलं तर वजा झालेली रक्कम परत करायला बँकेला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत असते. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. खरेदीखताच्या दिवशी त्या 100 रुपयांनी काय होणार?

तिसरे सद्गृहस्थ शुल्काबद्दल बोलत होते. आरटीजीएस महाग पडतं म्हणाले. खरं तर आपण दोन्ही यंत्रणांवरचे आपले शुल्क जुलै 2019 मध्ये माफ केलेत, आणि जानेवारी 2020 पासून बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला बँकेने पैसे घ्यायचेच नाहीत असं ठरवलंत. आरटीजीएसला अशी सक्तीची माफी नाही, पण 5 लाखांच्या वरच्या रकमेला बँक जास्तीत जास्त 49 रुपये 50 पैसे आणि त्यावर वस्तू व सेवा कर घेऊ शकते, म्हणजे 14 लाखांना फार तर 58 रुपये 41 पैसे. शाखेत जाऊन एनईएफटी केलं तर 2 लाखांवर कमाल 25 रुपये आणि कर. घेणाऱ्याला दोन्हींत काहीच लागत नाही. आयएमपीएसचं शुल्क मात्र प्रत्येक बँकेचं वेगळं, ते आपापल्या बँकेत बघूनच घ्यावा लागतो. एवढ्या मोठ्या रकमेपुढे हा शुल्काचा फरक किरकोळ आहे. निवड करायची ती वेळेवर आणि मर्यादेवर. 2 लाखांच्या खाली आरटीजीएस होतच नाही, आणि वर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही. त्यामुळे त्या दिवशी माझी निवड बरोबरच होती, असं मी आजही म्हणेन.

सव्वाएकला मी माझ्या शाखेत गेले. खिडकीवरच्या मॅडमनी संगणकात पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “यूटीआर आलाय का?” मी अ‍ॅपमधला क्रमांक दाखवला. त्या म्हणाल्या, “हा आमचा संदर्भ क्रमांक आहे, यूटीआर नव्हे.” आरटीजीएसचा यूटीआर 22 अक्षरांचा असतो. सुरुवातीची चार अक्षरं बँकेची, मग आर आणि आणखी एक अक्षर, मग वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी आठ आकडी अनुक्रमांक. माझ्या पडद्यावर होता तो बारा आकडी. म्हणजे पैसे माझ्या खात्यातून निघाले होते, पण माझ्या बँकेतून निघालेच नव्हते.

नवीन लाभार्थीला पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम जात असल्याने बँकेच्या फसवणूक तपासणी विभागाने व्यवहार रोखून धरला होता. त्यांनी मला 10.52 ला फोन केला होता. तो साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला, म्हणून मी तो कापला. आपणच जानेवारी 2025 मध्ये बँकांना व्यवहाराच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारे क्रमांक वापरायला सांगितलं आहे, आणि अनोळखी क्रमांकावर बँकेबद्दल बोलू नका हे तर आपण सतत सांगता. मी तेच पाळलं. त्यानंतर पुन्हा फोन नाही, संदेश नाही, अ‍ॅपमध्ये एक ओळही नाही.

मॅडमनी माझं ओळखपत्र पाहून वर कळवलं. मी विचारलं, हा रद्द करून दुसऱ्या खात्यातून पाठवू का? त्यांनी ठाम नकार दिला: “रोखलेला व्यवहार सुटला तर दोनदा जाईल. मग जास्तीचे पैसे त्यांच्या मर्जीवर परत.” हा सल्ला माझ्या जन्मभर लक्षात राहील. 2 वाजून 52 मिनिटांनी संदेश सुटला आणि यूटीआर आला. 2.58 ला काकांच्या फोनवर जमा झाल्याचा संदेश आला. आरटीजीएसला सहा मिनिटं लागली. माझ्या बँकेच्या आत चार तास बारा मिनिटं गेली.

आमचं टोकन गेलं होतं, त्या दिवशी दुसरं मिळालं नाही. नोंदणी सोमवारी झाली. शुक्रवार दुपारपासून सोमवारपर्यंत माझे सगळे पैसे काकांकडे आणि माझ्या हातात सही नसलेला कागद. काका सज्जन, म्हणून निभावलं.

महोदय, व्यवहार रोखून तपासायलाच हवा. रोज कुणाचे ना कुणाचे आयुष्यभराचे पैसे जातात, हे मी जाणते, आणि माझ्याऐवजी एखादा भामटा माझ्या फोनवरून पैसे काढत असता तर हाच थांबा मला वाचवणारा ठरला असता. माझी तक्रार व्यवहार थांबवण्याबद्दल नाही, तो न सांगता थांबवण्याबद्दल आहे. 30 मिनिटांचं किंवा दोन तासांचं घड्याळ संदेश बँकेबाहेर पडल्यावर सुरू होतं. ते चुकलं तर रेपो दर अधिक 2 टक्के व्याज मागावंही लागत नाही, बँकेने आपणहून द्यायचं असतं. पण संदेश बाहेर पडण्याआधी पाठवणारी बँक किती वेळ घेते, त्याचं घड्याळ ग्राहकाला दिसत नाही. यूटीआरमध्येही दिनांक असतो, वेळ नसते. त्यामुळे माझ्यासारखी बाई काकांच्या बँकेशी दोन तास भांडते, आणि नंतर तक्रारीला पुरावा म्हणून तिच्याकडे फक्त ‘प्रक्रियेत’ हा शब्द उरतो.

म्हणून मागणं इतकंच. आरटीजीएस आणि एनईएफटीच्या प्रत्येक पावतीवर दोन वेळा छापल्या जाव्यात: ग्राहकाने आदेश दिला ती आणि बँकेने तो आपल्या यंत्रणेकडे सोडला ती. दुसरी वेळ कोरी असेल, तर पैसे कुठे आहेत हे अ‍ॅप उघडणाऱ्या कुणालाही कळेल. व्यवहार तपासणीसाठी रोखला असेल तर अ‍ॅपमध्ये तसं स्पष्ट लिहावं आणि खातरजमाही तिथेच, ग्राहकाच्या पिनने व्हावी, फोनवर अवलंबून राहू नये. आणि रोखल्यावर किती वेळात सोडायचं किंवा रक्कम खात्यात परत करायची, याची मुदत बँकेने ग्राहकाला आधीच सांगावी.

माझ्या खरेदीखताच्या तक्त्यातली ती शेवटची ओळ अखेर सोमवारी सकाळी भरली गेली. वकिलांनी 22 अक्षरं दोनदा वाचून घेतली. त्यात शुक्रवारची तारीख आहे. ती ओळ सव्वाअकरालाच का भरता आली नाही, याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही.

आपली नम्र,
एक बचत खातेदार