१५ सेकंदांत मुखडाच येत नाही आणि तुम्ही बोट दाखवता कायद्याकडे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्टोरीवर गाण्याचा तुकडा शेअर करताना येणारी मर्यादा आणि त्याबद्दल दिलेली चुकीची माहिती

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन एरंडवण्यातल्या एका कार्यालयात झालं. औक्षणाचा फोटो स्टोरीवर टाकायचा आणि खाली तिचं आवडतं जुनं भावगीत वाजवायचं, एवढाच माझा बेत होता. तुमच्या गाण्यांच्या अॅपची वार्षिक वर्गणी मी दिवाळीत भरली, ती मुख्यतः ‘आता गाणं थेट स्टोरीवर’ या तुमच्या जाहिरातीमुळे.

गाणं उघडलं, शेअर दाबलं, स्टोरी गेली. पाच मिनिटांत मामेभावाचा मेसेज आला, ‘व्हायोलिन छान आहे, गाणं कुठंय?’ ऐकून पाहिलं तर खरंच गाणं नव्हतं. या गाण्याची सुरुवातीची, नुसत्या वाद्यांची सुरावट २६ सेकंदांची आहे (स्टॉपवॉच लावून मोजली). मुखडा सुरू होतो २७व्या सेकंदाला. तुमचा तुकडा शून्यापासून १५ सेकंदांचा. तो पुढे सरकवायची सोय नाही. म्हणजे फोटोत आत्या हसतेय, खाली व्हायोलिन घासतंय आणि शब्द तोंडाशी येण्याआधीच स्टोरी संपतेय.

मग मी फोनवरच रेकॉर्डिंग करून मुखड्याचा भाग व्हिडिओला जोडला. तो थोड्याच वेळात मुका झाला. आवाजाचा ठसा जुळवून यंत्राने ओळखलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती माझीच आगाऊपणाची फळं.

तक्रार पुढची आहे. तुमच्या चॅटवरच्या प्रतिनिधींनी लिहिलं, ‘कॉपीराइट कायद्यानुसार १५ सेकंदच परवानगी आहे.’ दुसऱ्या दिवशी फोनवर दुसरे गृहस्थ म्हणाले, ‘कायदा ३० सेकंदांपर्यंत सूट देतो, पण आम्ही खबरदारी घेतो.’ दोन माणसं, दोन आकडे, कायदा मात्र एकच. मी तो काढून वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापराची सूट आहे, पण तिथे सेकंदांचा आकडा नाही. ना १५, ना ३०. आणि चारशे लोक पाहतात त्या स्टोरीला मी खासगी वापर म्हणणारही नाही. तेव्हा परवाना लागतो हे मला मान्य आहे. पण मग हे १५ सेकंद आले कुठून, ते सरळ सांगा: तुमच्या करारातून.

हे मी हवेत म्हणत नाही. त्याच संध्याकाळी, त्याच फोनवरून मी तीन गाणी शेअर करून पाहिली. एका नव्या गाण्याला ३० सेकंद मिळाले, शिवाय सुरुवात कुठून करायची ते निवडता आलं. आत्याच्या गाण्याला १५, तेही शून्यापासूनच. तिसऱ्याला शेअरचं बटणच नव्हतं. गाण्याच्या माहितीत तळाशी ℗ चिन्हाची ओळ असते, तिथे ध्वनिमुद्रणाचा मालक लिहिलेला असतो. तिन्ही ठिकाणी मालक वेगळा होता. कायदा तर तिन्ही गाण्यांना सारखाच लागू आहे, फोनही तोच होता. मग मर्यादा बदलली ती मालकाबरोबर.

मालकाची बाजूही मला कळते. तुमच्या अॅपमध्ये गाणं ऐकणारा वर्गणीदार असतो किंवा जाहिराती तरी ऐकतो. स्टोरीत तोच तुकडा अॅपबाहेर, फोटोला जोडून, कुणाच्याही कानावर जातो. त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि मालक कंपनी ती ‘नमुना’ म्हणून देते, लोकांनी अख्खं गाणं ऐकायला यावं म्हणून. सुरुवात बांधून ठेवण्यामागेही हेच असावं. आत्याचं गाणं ३ मिनिटं १८ सेकंदांचं, म्हणजे १९८ सेकंद. सुरुवात मोकळी ठेवली तर कुणी १४ स्टोऱ्या ओळीने लावून सगळं गाणं फुकट वाजवेल. (आमचा मामेभाऊ नक्की करेल.)

आणखी एक सांगतो, कारण तुमच्या फोनवरच्या गृहस्थांनी ‘जुनं गाणं आहे, त्याचे हक्क कुणाकडे आहेत तेच कळत नाही’ असंही सुचवलं. या गाण्याच्या ओळीत ℗ 1961 आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे तो ३१ डिसेंबर २०२१ला संपला. पण शब्द गीतकाराचे आणि चाल संगीतकाराची, त्यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात. तेव्हा गाणं अजून मोकळं झालेलं नाही, आणि व्हावं असा माझा हट्टही नाही. पण कुणाचे हक्क बाकी आहेत हे मला घरी बसून शोधता येतं, तर ज्यांनी गाणं विकायला ठेवलंय त्यांना यायला हवं.

आता माझं मागणं. मला १५चे ३० करून नकोत. १५ पुरे आहेत, फक्त ते योग्य जागेवरून हवेत. २२व्या सेकंदापासून तुकडा घेतला तर ४ सेकंद व्हायोलिन आणि ११ सेकंद गाणं मिळतं. मुखड्याची पहिली ओळ ९ सेकंदांत पूर्ण होते. माझ्या भाच्याने स्वतःची गाणी अशा अॅपवर चढवली आहेत. तो सांगतो, गाण्यासोबत जो माहितीचा तक्ता भरतात, त्यात नमुना कुठल्या सेकंदापासून वाजवायचा याचा वेगळा रकाना असतो. तो रिकामा सोडला की यंत्र आपल्या नियमाने सुरुवात ठरवतं. जुन्या गाण्यांच्या बाबतीत तो कुणी भरलेलाच नसावा. नव्या गाण्यात गायक चौथ्या सेकंदाला तोंड उघडतो, तिथे शून्य चालून जातं. आपल्या जुन्या भावगीतांना लांब सुरावट असते, तिथे शून्य म्हणजे नुसती वाद्यं. या गाण्यासाठी त्या रकान्यात २२ भरायचे आहेत. सुरुवात मालकानेच ठरवली की १४ स्टोऱ्यांची भीतीही उरत नाही. हे तुम्ही त्यांना कळवा.

दुसरं, शेअरच्या पडद्यावरच लिहा की हे गाणं किती सेकंद आणि कुठून वाजेल, आणि ही मर्यादा हक्कधारकाबरोबरच्या करारामुळे आहे. जाहिरातीत ‘गाणं थेट स्टोरीवर’ म्हणता तेव्हा तिथेही हे दिसू द्या. हे जमणार नसेल तर वर्गणीचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

ई-कॉमर्स नियमांनुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवीन. उत्तर कृपया लेखी द्यावे. फोनवर आकडे बदलतात.

सोबत: स्टोरीचा स्क्रीनशॉट, चॅटची प्रत, तिन्ही गाण्यांच्या ℗ ओळींचे फोटो, वर्गणीची पावती.

आपला,
एक वर्गणीदार
कर्वेनगर, पुणे