फोटो पाहून डबा ‘सुरक्षित’ ठरवल्याबद्दल तक्रार

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
डबाबंद अन्नपदार्थ विभाग

विषय : कडेला पोचा पडलेला मशरूमचा डबा केवळ फोटोवरून ‘वापरण्यास सुरक्षित’ असल्याचे लेखी कळवल्याबाबत.

महोदय,

दिनांक ५ जुलै रोजी मी आपल्या कंपनीच्या बटण मशरूमचे ८०० ग्रॅमचे दोन डबे ऑनलाइन मागवले आणि ते ७ जुलै रोजी दुपारी घरपोच मिळाले. दोन्ही डबे एकाच बॅचचे आहेत. त्यांपैकी एका डब्याला वरच्या कडेवर, म्हणजे झाकण आणि डब्याचे अंग जिथे दुमडून एकत्र बसवलेले असते नेमक्या त्या पट्टीवर, बोटाचे टोक सहज बसेल इतका खोल पोचा आहे आणि त्याच्या मधोमध पत्र्याला धारदार घडी पडली आहे. मी आपल्या ग्राहक सेवेशी संपर्क साधला, तेव्हा मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवण्यास सांगण्यात आले. मी तीन फोटो पाठवले आणि सुमारे चाळीस मिनिटांनी उत्तर आले की, फोटोत डबा फुगलेला दिसत नाही, पोचा फक्त बाहेरून आहे, त्यामुळे उत्पादन वापरण्यास सुरक्षित आहे. तरीही शंका वाटल्यास डबा उघडून वास पाहावा आणि मशरूम नीट उकळून घ्यावेत.

डबा बदलून मिळाला नाही, ही माझी तक्रार दुय्यम आहे. जो निर्णय फोटोवरून देताच येत नाही तो आपल्या प्रतिनिधीने ठामपणे दिला, ही खरी तक्रार आहे. मी रत्नागिरी परिसरातील एका आंबा कॅनिंग कारखान्यात गुणनियंत्रण विभागात एकोणीस वर्षे काम केले आहे आणि सीमरवरून उतरणारे डबे हातात घेऊन, दाबून, कापून तपासणे हेच माझे रोजचे काम होते. त्या अनुभवावरून मी हे लिहीत आहे.

प्रथम पोच्याविषयी. डब्याच्या अंगावर, कडांपासून दूर, उथळ आणि गोलसर पोचा असेल व पत्र्याला घडी पडलेली नसेल, तर आतल्या पदार्थाला सहसा काही होत नाही. कडेवरच्या पोच्याची गोष्ट वेगळी आहे. ही कड म्हणजे डबल सीम, म्हणजे झाकणाचा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत अडकवून दोन टप्प्यांत दाबलेली पाच थरांची घडी असते आणि त्या थरांमध्ये रबरासारख्या लेपाची बारीक रेघ भरलेली असते. आतले दोन आकडे एकमेकांवर जेमतेम मिलिमीटरभर चढलेले असतात आणि डब्याची सगळी हवाबंदी त्यांवर अवलंबून असते. तिथे जोराचा मार बसला की घडी क्षणभर उघडून पुन्हा मिटू शकते. चांगल्या डब्यात निर्वात असल्यामुळे त्या एका क्षणात बाहेरची हवा किंवा ओलावा आत ओढला जातो. नंतर डबा गळत नाही, ओला दिसत नाही, पण जिवाणू आत गेलेले असतात. रिटॉर्टमधून बाहेर आल्यानंतर हे घडलेले असल्यामुळे आपण कारखान्यात १२१ अंश सेल्सियसला केलेल्या निर्जंतुकीकरणाचा त्या जिवाणूंवर काहीही परिणाम होत नाही.

आता फोटोंविषयी. मी पाठवलेला पहिला फोटो समोरून, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला होता आणि त्यात कडेचा पोचा एखाद्या सावलीसारखा दिसत होता. दुसरा फोटो बरोबर वरून काढलेला होता. वरून काढलेल्या फोटोत उंची कळत नाही. सपाट झाकण आणि दोन-तीन मिलिमीटर वर आलेले झाकण यांच्यावरची गोल वलये फोटोत सारखीच दिसतात. तिसरा फोटो जवळून, तिरका होता. मोबाइलच्या लेन्समुळे अशा फोटोत धडधाकट झाकणही कधी फुगीर भासते. म्हणजे या तीन फोटोंपैकी एकानेही प्रतिनिधीला जे कळायला हवे होते ते कळवलेले नाही, आणि त्यांनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

आपले उत्तर आल्यानंतर मी डबा ओट्यावर ठेवून वरच्या झाकणाच्या मध्यावर अंगठ्याने दाबले. ‘टक’ असा आवाज झाला, झाकण आत गेले आणि डबा उलटून पाहिला तेव्हा तळाचे झाकण बाहेर आलेले होते. तळ दाबला की वरचे झाकण पुन्हा बाहेर येत होते. आमच्या कारखान्यात अशा डब्याला ‘स्प्रिंगर’ म्हणत असत. मुद्दाम मी वरचे झाकण आत दाबून, पोलादी पट्टी कडेवर आडवी ठेवून, कॅमेरा कडेच्या पातळीत धरून आणखी एक फोटो काढला. यापेक्षा चांगला फोटो कोणताही ग्राहक काढू शकणार नाही, आणि या फोटोत पट्टीखाली झाकण निरोगी डब्याच्या झाकणासारखे व्यवस्थित खाली बसलेले दिसते. तो फोटो सोबत जोडला आहे. त्याच क्षणी त्याच डब्याचा तळ बाहेर आलेला होता.

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की, झाकण असे मागेपुढे होण्याचे कारण नेहमी जिवाणूच असते असे नाही. डबा चेपल्यामुळे आतली जागा कमी होते आणि तेवढ्यानेही एखादे झाकण बाहेर ढकलले जाते. डबा प्रमाणाबाहेर भरला गेला असेल तरी तसे होते. मात्र चेपल्यामुळे आलेला फुगवटा आहे तेवढाच राहतो आणि आत वायू तयार होत असेल तर तो वाढत जातो. मी तो डबा दोन जाड पिशव्यांत गुंडाळून, झाकणाच्या बादलीत घालून गच्चीत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवला. सहाव्या दिवशी, १३ जुलै रोजी, वरचे आणि तळाचे अशी दोन्ही झाकणे एकाच वेळी बाहेर आलेली होती आणि अंगठ्याने दाबली तरी जागेवर राहत नव्हती. कागदी लेबलाखाली पोच्याच्या सरळ रेषेत मिठाच्या पाण्याचा वाळलेला, पिवळसर, चिकट ओघळही सापडला; लेबलामुळे तो कोणत्याच फोटोत दिसला नसता. डबा मी उघडलेला नाही. हे निरीक्षण मी या कामाची सवय असल्यामुळे केले. डबा ठेवून वाट पाहा, असा सल्ला आपण कोणत्याही ग्राहकाला देऊ नये.

प्रतिनिधीने डब्यात काय आहे याचाही विचार केलेला दिसत नाही. आंब्याचा रस आंबट असतो आणि सामू ४.६ किंवा त्याहून कमी असलेल्या पदार्थात बोटुलिनमचे जिवाणू वाढत नाहीत. असा डबा फुगला तर तो बहुधा यीस्टमुळे किंवा आम्लाची पत्र्याशी क्रिया होऊन तयार झालेल्या हायड्रोजनमुळे फुगतो. तोही आम्ही बाजूलाच काढत असू, पण त्यातला धोका वेगळ्या पातळीचा असतो. मशरूमला आंबटपणा नसतो, ते मातीच्या सान्निध्यात वाढतात आणि डब्यात प्राणवायू नसतो. क्लोस्ट्रिडियम बोटुलिनमला हवी असते तशीच ही परिस्थिती आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे साल्मन माशाच्या एकाच डब्यातून चार जणांना बोटुलिझम झाला आणि त्यांपैकी दोघे दगावले. डब्याच्या बारीक छिद्रातून जिवाणू आत गेले होते.

फुगवटा नसणे हाही पुरावा नव्हे. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात कॉर्न्ड बीफच्या डब्यातून टायफॉइडची साथ पसरून चारशेहून अधिक लोक आजारी पडले. डबा थंड करताना नदीचे अशुद्ध पाणी फटीतून आत गेले असावे, असे त्याचे कारण मानले जाते. टायफॉइडचा जिवाणू वायू तयार करत नाही, त्यामुळे असा डबा फुगतही नाही. म्हणून फोटोत फुगवटा, गळती किंवा कडेवरचा खोल पोचा दिसला तर डबा नाकारता येतो. पण फोटोत काही दिसले नाही म्हणून डबा चांगला ठरवता येत नाही. आपल्या प्रतिनिधीने नेमके हेच उलटे केले.

वास पाहण्याचा सल्ला तर मला सर्वांत गंभीर वाटतो. बोटुलिनमच्या विषाला वास, रंग किंवा चव नसते. शिवाय दाब धरलेला डबा उघडताच आतले पाणी तोंडावर, ओट्यावर आणि भांड्यांवर उडते. नीट उकळल्याने हे विष नष्ट होते हे खरे आहे, परंतु ते पातेल्यात गेलेल्या पदार्थातले. ओट्यावर आणि फडक्यावर उडालेले कोण उकळणार? लक्षणेही लगेच दिसत नाहीत. साधारण १२ ते ३६ तासांनी दोन-दोन दिसू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि घास गिळता येत नाही. तोपर्यंत डबा कचऱ्यात गेलेला असतो. माझ्या जागी दुसरी एखादी गृहिणी असती, तर कंपनीनेच लेखी कळवले आहे म्हणून तिने तो डबा त्याच संध्याकाळी उघडला असता, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

आपल्याकडून माझ्या मागण्या अशा आहेत. दोन्ही डबे आपण स्वखर्चाने परत न्यावेत. फुगलेल्या डब्याची सीम कापून तपासावी, आतल्या पदार्थाची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि अहवालाची प्रत मला द्यावी. दोष वाहतुकीतील आहे की सीमिंगमधील आहे हे त्यावरून कळेल, आणि तो सीमिंगमधील निघाल्यास त्या बॅचचे डबे बाजारातून परत बोलवावेत. ग्राहक सेवेने फोटोवरून ‘सुरक्षित’ हा शब्द वापरणे तात्काळ बंद करावे. प्रतिनिधीने आधी डब्यात काय आहे, पोचा कडेवर आहे का, त्यात बोट बसते का, झाकण दाबल्यावर हलते का आणि लेबलाच्या आसपास ओल आहे का, हे विचारावे. यांपैकी एका उत्तराचीही शंका आली तर ‘डबा उघडू नका’ एवढेच सांगून तो बदलून द्यावा. दोन्ही डब्यांची किंमतही मला परत मिळावी.

डबे, खरेदीची पावती, आपल्या उत्तराची प्रत आणि सहाही दिवसांचे फोटो माझ्याकडे सुरक्षित आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तसेच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. दरम्यान, त्याच बॅचचा दुसरा डबा वरून धडधाकट दिसत असला तरी तोही मी उघडलेला नाही.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, डोंबिवली (पूर्व)

सोबत : खरेदीची पावती, आपल्या उत्तराची प्रत, बॅच क्रमांकाचा फोटो, ७ ते १३ जुलै या काळातील डब्याचे फोटो.